‘तू’ म्हणणारा कोण?

आमच्या वाचनगटात गेल्या महिन्यात मिशेल ब्यूतोर या फ्रेंच लेखकाची ‘ला मोदिफिकास्याँ’ ही कादंबरी घेतली होती. १९५७ साली आलेली, त्याच वर्षी फ्रान्समधला रनोदो पुरस्कार मिळालेली. आम्ही सगळ्यांनी ती इंग्रजीतून वाचली. ही सबंध कादंबरी नायकाला ‘तुम्ही’ म्हणत सांगितली आहे. तुम्ही डब्यात शिरता, तुम्ही खिडकीबाहेर बघता, तुम्हाला बायकोचा चेहरा आठवतो. चर्चा सुरू झाली आणि पाच मिनिटांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ही निव्वळ कसरत आहे. ‘तो’ लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं, आणि सारखं ‘तुम्ही, तुम्ही’ ऐकून तिसऱ्या पानावर कान किटतात. दुसऱ्या तटाचं म्हणणं, उलट तेच तर या कादंबरीचं बळ आहे. वाचक थेट नायकाच्या जागी जाऊन बसतो आणि त्याचं दुःख आपलं होतं. दीड तास हेच चाललं. द्वितीय पुरुषी निवेदनाचा विषय निघाला की मी हाच वाद ऐकत आले आहे, आणि दर वेळी मला वाटतं की दोन्ही बाजू मिळून एकच चूक करताहेत.

दोघांनीही धरूनच चाललंय की पुस्तकातला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणजे वाचक. एकाला ती लादलेली जागा नकोशी वाटते, दुसऱ्याला हवीशी वाटते, एवढाच फरक. माझं म्हणणं वेगळं आहे. ‘तो’ म्हणायला कोणी समोर असावं लागत नाही. ‘मी’ तर माणूस एकटाही म्हणतो. पण ‘तू’ म्हणायला दोघं लागतात, एक ऐकणारा आणि एक म्हणणारा. आपण सगळी चर्चा ऐकणाऱ्याबद्दल करतो आणि म्हणणाऱ्याला विसरतो. आणि पुस्तक मनात वाचताना तो ‘तू’ उच्चारतं कोण? आपणच. आपल्याच डोक्यातला, आपल्याच सुरातला आवाज ‘तू’ म्हणतो. म्हणून मला वाटतं, अशी कादंबरी वाचकाला नायकाच्या खुर्चीत बसवते त्यापेक्षा जास्त, नायकाला ‘तू’ म्हणणाऱ्याच्या खुर्चीत बसवते. अस्वस्थ करते ती ही जागा. ओढ लागते तीही या जागेमुळेच.

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून ब्यूतोरचं पहिलं पान घेऊ. मी त्या दिवशी गटासाठी त्याचा कच्चा मराठी तर्जुमा करून नेला होता. सुरुवात अशी आहे: तुम्ही डावा पाय तांब्याच्या खाचेवर ठेवलाय आणि उजव्या खांद्यानं सरकतं दार आणखी थोडं ढकलायचा प्रयत्न करताय, पण ते सरकत नाही. मग तुम्ही त्या अरुंद फटीतून कडांना अंग घासत आत शिरता. हे कोणीही असू शकतं. ज्यानं कधी गच्च भरलेल्या गाडीच्या डब्यात अंग आक्रसून पाऊल टाकलंय त्याच्या खांद्याला ते दार लागतंच. माझ्याही लागलं. पाय आणि खांदा कोणाचे ते विचारायची गरजच पडत नाही, कारण ते सगळ्यांना असतात. पण पुढच्याच वाक्यात बॅग येते. गडद बाटलीच्या रंगाच्या, खरखरीत चामड्याची, लांबच्या प्रवासाला सरावलेल्या पुरुषाकडे असते तशी जरा लहानशी बॅग. ‘पुरुषाकडे’ हा शब्द वाचला आणि मी डब्याच्या बाहेर उभी राहिले. बॅग फार जड नाही, तरी ती उचलताना बोटांपासून तळवा, मनगट, दंड, खांदा, अगदी मानेपासून कमरेपर्यंतचे मणके जाणवतात, असं लेखक सांगतो आणि माझ्याही पाठीला ते कळतं. मी पुन्हा आत जाते. लगेच पुढे येतं की हा अशक्तपणा केवळ सकाळच्या वेळेमुळे नाही, वयामुळे आहे, आणि तुम्हाला तर आत्ता कुठे पंचेचाळीस पूर्ण झालीत. मी पुन्हा बाहेर.

एकाच पानात हे आत-बाहेर तीनदा होतं. शरीर आलं की मी आत येते, माहिती आली की बाहेर जाते. पुढे माहितीच वाढत जाते. लेओं देलमों हे त्याचं नाव, इटालियन टाइपरायटर कंपनीच्या पॅरिस शाखेचा तो प्रमुख, घरी आंरिएत नावाची बायको आणि चार मुलं, रोममध्ये सेसील नावाची प्रेयसी. सकाळी पॅरिसहून निघणारी गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे रोमला पोचणार आहे. कंपनीच्या खर्चानं तो नेहमी पहिल्या वर्गानं जातो, पण या खेपेला कोणाला न सांगता, स्वतःच्या पैशानं, तिसऱ्या वर्गानं निघालाय. बायकोला सोडायचं आणि सेसीलला पॅरिसला आणायचं असं ठरवून. आता सांगा, पन्नास पानं वाचून झाल्यावर यातला ‘तुम्ही’ मी आहे असं कोणता वाचक मानेल? नायकाशी एकरूप होण्याचा दावा इथेच गळून पडतो. पण म्हणून ‘तुम्ही’चा परिणाम थांबतो का? माझ्या अनुभवात तो इथूनच वाढतो. कारण ‘तुम्ही’ मी नसले तरी ‘तुम्ही’ म्हणणारा आवाज माझ्यापाशी उरलेलाच असतो.

तो आवाज कोणाचा, हे ब्यूतोरनं स्वतःच सांगून ठेवलंय. कादंबरीतल्या सर्वनामांवर त्यानं नंतर एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना अशी की ज्याला स्वतःचीच गोष्ट अजून ठाऊक नाही, निदान शब्दांत मांडता येत नाही, त्याला ती दुसऱ्या कोणीतरी सांगावी लागते, आणि तिथे द्वितीय पुरुष येतो. त्यानं उदाहरण दिलंय ते चौकशीचं. पोलीस अधिकारी किंवा तपास करणारा न्यायाधीश साक्षीदाराचे तुकडे-तुकडे जबाब जुळवतो आणि त्याच्यासमोर मांडतो: तुम्ही इतक्या वाजता घरातून निघालात, तुम्ही अमक्याला भेटलात, तुम्ही हे आमच्यापासून लपवलंत. हे सगळं समोरच्या माणसानंच केलेलं असतं, तरी ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, कारण तो ते सांगू शकत नाही किंवा सांगायचं टाळतोय.

देलमों नेमका असाच माणूस आहे. तो ‘मी’ म्हणून बोलू लागला असता तर पहिल्या पानापासून आपल्याशीही खोटं बोलला असता, कारण तो स्वतःशीच खोटं बोलतोय. मी प्रेमासाठी निघालोय, मी नवं आयुष्य सुरू करतोय, असंच त्यानं सांगितलं असतं. आपण ते कदाचित खरंही मानलं असतं. ‘तो’ म्हणून सांगितलं असतं तर निवेदक सगळं जाणणारा झाला असता आणि पहिल्या तासातच आपल्याला कळलं असतं की याचं काही खरं नाही. ‘तुम्ही’मुळे होतं असं की गाडी पुढे सरकते तसा एकेक जुना प्रवास त्याच्यासमोर ठेवला जातो. मागच्या वेळी तुम्ही सेसीलला पॅरिसला आणलंत तेव्हा काय झालं होतं? बायकोबरोबर रोमला आला होतात तेव्हा? सेसील तुम्हाला हवी आहे, की सेसीलमधलं रोम हवं आहे? रोममधली सेसील पॅरिसला आली की ती आंरिएतसारखीच होणार, हे त्याला तो डबा सोडायच्या आत कळून चुकतं आणि तो बेत सोडून देतो. रात्री डुलकी लागते तेव्हा त्याच्या स्वप्नातही प्रश्न विचारणारेच येतात. तुम्ही कोण आहात? कुठे चाललात? काय शोधताय? आणि शेवटाकडे, चौकशीतला माणूस अखेर कबूल व्हावा तसा, ‘तुम्ही’च्या मधून कुठेकुठे ‘मी’ डोकावू लागतो.

या चौकशीत वाचक कुठे आहे? मी तरी चौकशी करणाऱ्याच्या टेबलापाशी होते. प्रत्येक ‘तुम्ही’ माझ्याच मनातल्या आवाजानं त्या माणसाला सुनावला जात होता. आणि तरी आरोपीच्या खुर्चीतला पाय, खांदा, मणके पहिल्या पानापासून माझे होऊन बसलेले. सुनावायचं मी आणि ऐकताना दुखायचंही मला, अशी ती अवस्था आहे. शेजारी कोणालातरी कोणी झापत असेल तर आपण उगाच मान खाली घालतो ना, त्याच्या खूप जवळचं हे आहे. फक्त इथे झापणारा आवाजही आपला आहे.

आता कसरत म्हणणाऱ्यांकडे वळते, कारण त्यांचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. द्वितीय पुरुषात लिहिलेलं पुष्कळ लेखन खरंच कसरत असतं. कथास्पर्धांसाठी आलेल्या कथा मी काही वर्षं वाचल्या आहेत. त्यांत दर वेळी दोन-चार ‘तू’च्या कथा असायच्याच आणि बहुतेक पहिल्या परिच्छेदातच पडायच्या. पडण्याचं कारणही बहुधा एकच. ‘तुला भीती वाटते. तुझं मन भरून येतं. तुला तिची आठवण छळते.’ पाय कुठे ठेवलाय हे दुसऱ्यानं सांगितलेलं आपण निमूट ऐकतो, पण आपल्याला काय वाटतंय हे दुसऱ्यानं सांगितलं की आतून लगेच ‘नाही वाटत’ असं उत्तर येतं. ब्यूतोर भावना फार कमी सांगतो. दार, खाच, बॅगेची चिकट मूठ, समोरच्या प्रवाशाची बोटं, खिडकीवरचं पाणी, एवढंच सांगत जातो आणि भावना आपण भरतो. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, जॉर्ज पेरेकनं पॅरिसमधल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट एकेरी ‘तू’मध्ये लिहिली. परीक्षेच्या दिवशी हा मुलगा उठतच नाही आणि हळूहळू जगातून अंग काढून घेतो. त्याच्याबद्दल तिथे सांगितलंय की तू पंचवीस वर्षांचा आहेस आणि तुला एकोणतीस दात आहेत. मी ते वाचलं आणि माझी जीभ आपोआप दातांवरून फिरली. ‘तुला रिकामं रिकामं वाटतं’ असं लिहिलं असतं तर माझं काहीच हललं नसतं.

कसरत ओळखायची असेल तर माझ्यापुरती एक साधी रीत आहे. पान घ्यावं आणि सगळीकडे ‘तो’ घालून वाचावं, मग ‘मी’ घालून वाचावं. काही गेलं नाही असं वाटलं तर ‘तू’ नुसता सजावटीचा होता. ब्यूतोरच्या पानात ‘तो’ घातला की चौकशी जाते, ‘मी’ घातला की खोटं झाकलं जातं. कोण म्हणतंय हे ज्या लेखकाला ठाऊक असतं त्याचा ‘तू’ बदलता येत नाही. आणि वाईट नमुने पुष्कळ आहेत म्हणून रीतच वाईट, हा न्याय आपण दुसरीकडे कुठे लावतो? फसलेल्या गझला ढिगानं आहेत म्हणून कोणी गझल बाद केलेली नाही.

गटात एकानं मुलांच्या त्या पुस्तकांची आठवण काढली, ज्यांत ‘गुहेत शिरायचं असेल तर अमक्या पानावर जा’ असं असतं. तिथेही ‘तू’ असतो आणि तिथे वाचक खरंच नायक असतो, हे बरोबर. पण तिथे निवड त्याच्या हातात असते. देलमोंची गाडी पानं कशीही उलटली तरी रोमलाच जाते. ज्याला निवड नाही त्याला ‘तू’ म्हणणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

दुसरा एक आक्षेप असा आला की ही युरोपातली खटपट आहे, आपल्या कानाला ती परकीच वाटणार. हा आक्षेप मला समजतच नाही. माझ्या आजोळी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की आजी मनाचे श्लोक म्हणून घ्यायची. दोनशे पाच श्लोक, रोज पाच-दहा. ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले.’ मी सात-आठ वर्षांची असेन, भिंतीला टेकून मांडी घालून डुलत हे म्हणायचे. पूर्वसंचित म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण कोणीतरी काहीतरी केलंय आणि ते त्याला भोगावं लागतंय, आणि हे त्याला मी सांगतेय, एवढं कळायचं. तो कोण? माझंच मन. म्हणजे सांगणारी मी आणि ऐकणारीही मी. तीनशेहून जास्त वर्षं मराठी मुलं संध्याकाळी स्वतःलाच एकेरीत बजावत आली आहेत. समर्थांनी ‘मी पूर्वसंचित केले’ असं लिहिलं असतं तर ती कबुली झाली असती आणि ‘माणसाने केले’ असं लिहिलं असतं तर तो उपदेश झाला असता. ‘मना त्वांचि’ मध्ये आरोप आहे, आणि तो म्हणणाऱ्याच्याच तोंडून म्हणणाऱ्यावर येतो. ब्यूतोरच्या डब्यात जे चाललंय त्याची चाल या श्लोकासारखीच आहे. फरक आहे तो उद्देशात. श्लोक मनाला वाट दाखवतो, कादंबरी असलेली वाटही हिरावून घेते. पण आपला कान या ‘तू’ला नवखा नाही, जन्मापासून तयार आहे.

सगळ्यात भारी आक्षेप मात्र याहून वेगळा होता, आणि त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आमच्यातले एक सदस्य, साठीतले, शाळेत मुख्याध्यापक होते, शेवटपर्यंत गप्प बसले होते. ते म्हणाले, ‘‘तुम्ही सगळे ‘तू’ म्हणजे जवळीक धरून बोलताय. माझ्या वडिलांना गावात वाड्यावरची दहा वर्षांची पोरंसुद्धा अरे-तुरे करायची. वडील त्या पोरांना ‘मालक’ म्हणायचे. पुस्तकात मला कोणी ‘तू’ म्हटलं की मला आधी तो आवाज ऐकू येतो. मी पुस्तक मिटतो.’’

यावर कसलं मत मांडणार? मराठीत ‘तू’ कधीच नुसतं व्याकरण नव्हतं. कोणी कोणाला ‘तू’ म्हणायचं, कोणी ‘तुम्ही’ आणि कोणी ‘जी मालक’, हे जातीनं आणि जमिनीनं ठरवलेलं होतं. देवाला ‘तू’ म्हणतात, आईला ‘तू’ म्हणतात आणि ज्याला माणसात मोजायचं नाही त्यालाही ‘तू’ म्हणत आले आहेत. वाचकाला ‘तू’ म्हणणारा लेखक हे सगळं एका शब्दात उचलून आणतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो. आणि तो ‘तू’ जर एखाद्या सुखवस्तू नायकाचा असेल, ‘तू मोलकरणीला चहा टाकायला सांगतोस’ अशा वाक्यांचा असेल, तर मोलकरणीच्या मुलीनं ते पुस्तक कुठल्या खुर्चीत बसून वाचायचं? ‘वाचक’ म्हणून लेखकाच्या डोळ्यासमोर कोण होतं ते द्वितीय पुरुषात उघडं पडतं. ‘तो’च्या आड ते लपून राहतं. हा आक्षेप मी सबंध मान्य करते.

पण मान्य केल्यावर त्यातून निघतं काय? द्वितीय पुरुष टाळावा, असं निघत नाही. निघतं ते हे की म्हणणारा कोण हे ठरवल्याशिवाय मराठीत एक वाक्यही लिहिता येणार नाही. इंग्रजीत एकच शब्द सगळ्यांना पुरतो. बाई, पुरुष, मालक, गडी, देव, कुत्रा, सगळ्यांना तोच. ब्यूतोरच्या फ्रेंचमध्ये निदान दोन आहेत, आणि त्यानं अंतर राखणारा, परक्या माणसाला वापरतात तो निवडला. माझ्या तर्जुम्यात म्हणून ‘तुम्ही’ आला. एकदा मी तेच पान ‘तू’ घालून लिहून पाहिलं आणि पहिल्याच वाक्यात अडले. ‘ढकलायचा प्रयत्न करतो आहेस’ लिहायचं की ‘करते आहेस’? ‘तुम्ही करताय’ या रूपात बाई-पुरुष दोन्ही मावतात. तुम्ही बसता, तुम्ही बसलात, तुम्ही बसाल, कुठेच उलगडा होत नाही. ‘तू’ म्हटलं की क्रियापद लगेच सांगून टाकतं, बसतोस की बसतेस, उठलास की उठलीस. म्हणजे आपल्याकडे जवळ जाणारा शब्द अर्ध्या वाचकांना दाराबाहेर ठेवतो आणि सगळ्यांना आत घेणारा शब्द चार हात लांब उभा राहतो.

यातून वाट आहे, पण ती अरुंद आहे. भविष्यकाळात ‘तू जाशील, तू बघशील’ यात स्त्री-पुरुष कळत नाही. मेक्सिकोच्या कार्लोस फुएन्तेसनं १९६२ मध्ये ‘आउरा’ नावाची लहानशी कादंबरी बरीचशी अशा भविष्यकाळी ‘तू’मध्ये लिहिली, एक तरुण इतिहासकार वर्तमानपत्रातली नोकरीची जाहिरात वाचतो, ती जणू त्याच्या एकट्यासाठीच छापलेली असते, आणि पुढचं सगळं ‘तू असं करशील’ असं घडत जातं. मराठीत ते राशिभविष्यासारखं वाजेल, आणि त्या गोष्टीला तो सूर शोभेलही. दुसरी वाट भूतकाळातली. ‘तू दार उघडलंस, दिवा लावलास, खिडकी बंद केलीस’ यात क्रियापद दार, दिवा, खिडकी यांच्या मागे जातं आणि करणारा कोण ते झाकलेलं राहतं. वस्तूला हात लावला की माणूस झाकला जातो. तो नुसता उठला, बसला, गेला की उघडा पडतो. एखाद्या मराठी कादंबरीकारानं हे हाताशी धरून पानंच्या पानं माणूस झाकून ठेवावा आणि हव्या त्या क्षणी एका ‘गेलीस’मध्ये उघडा करावा, असं मला फार वाटतं. इंग्रजीत हे करताच येणार नाही.

मुख्याध्यापकांचं बोलणं डोक्यात घेऊन मी घरी आले आणि एक दुसरं पुस्तक पुन्हा काढलं. हान कांग या कोरियन लेखिकेची २०१४ सालची कादंबरी. इंग्रजीत ती ‘ह्यूमन ॲक्ट्स’ या नावानं आली; मूळ नावाचा अर्थ ‘मुलगा येतोय’ असा आहे. मे १९८० मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात लष्करानं लोकांवर गोळ्या चालवल्या. पहिल्या प्रकरणात दोंग-हो नावाचा शाळकरी मुलगा एका व्यायामशाळेत मृतदेहांपाशी थांबलाय. तो आपल्या मित्राला शोधायला आला होता आणि मदत करायला राहिला. वहीत नोंद करतो: लिंग, अंदाजे वय, अंगावरचे कपडे. वासावर उपाय म्हणून मेणबत्त्या लावतो. शवपेट्यांवर राष्ट्रध्वज घालून लोक राष्ट्रगीत म्हणतात तेव्हा त्याला कळत नाही की ज्यांना सैनिकांनीच मारलं त्यांच्यासाठी राष्ट्रगीत का म्हणायचं. हे सगळं ‘तू’मध्ये आहे. पाऊस येणारसं दिसतंय, असं तू स्वतःशी पुटपुटतोस, अशी सुरुवात.

आपण समजतो हा ‘तू’ नेहमीचाच, वाचकाला ओढून घेणारा. मग हळूहळू कळतं की तो मुलगाही मारला गेला. पुढच्या प्रकरणांत मुख्यतः मागे राहिलेले एकेक जण समोर येतात, आणि शेवटाकडे त्याची म्हातारी आई. तीही त्याला ‘तू’च म्हणते. मग पहिल्या प्रकरणातला ‘तू’ कोणाचा होता ते उलगडतं. तो मागे राहिलेल्यांचा होता. ज्याला ऐकू जाणार नाही त्याला म्हटलेला ‘तू’. आपल्याकडे मयताच्या घरी बायका त्याच्या उशाशी बसून त्याच्याशीच बोलतात, ‘अरे, सकाळी माझ्या हातची भाकरी खाऊन गेलास ना’ म्हणून, तो हाच ‘तू’. तिथे ऐकणाऱ्याची जागा रिकामी आहे. आपण त्या जागी बसूच शकत नाही. आपल्याला एकच जागा उरते, हाक मारणाऱ्याची.

इथे मराठीत ‘तुम्ही’ चालणार नाही, आणि लिंग झाकायची माझी सगळी हिकमतही कामाची नाही. व्यायामशाळेतल्या वहीत प्रत्येक अनोळखी देहापुढे पहिली नोंद तीच तर आहे. ‘पुटपुटतोस’, ‘थांबलास’, ‘घरी आला नाहीस’, यातला प्रत्येक शेवट तो मुलगा होता हे सांगतो. आईला तेच म्हणायचं असतं.

या महिन्याच्या बैठकीला मी त्या पहिल्या प्रकरणाची तीन पानं मराठीत करून नेली. मुख्याध्यापकांना विचारलं, वाचाल का? नकार येईल असं धरूनच विचारलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिली काही वाक्यं ते नोटीस वाचावी तशी वाचत होते. मग मेणबत्त्यांच्या जागेपाशी त्यांचा आवाज बसला. ‘तू पुन्हा वही उघडलीस. तू घरी गेला नाहीस.’ हे दुसरं वाक्य त्यांनी थांबून परत एकदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा त्यात कागदावर नसलेला एक शब्द घातला. ‘तू घरी गेला नाहीस रे.’